इंग्रजी म्हणींची शेपटं : ‘म्हण पूर्ण करा’ या प्रश्नाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. बरीचशी मुलं दिवसा कुठे ना कुठे कामाला असतात आणि सातच्या पुढे येऊन बसतात. व्याकरणाचे नियम ती घोकतात, शब्दार्थ पाठ करतात, पण म्हणीचा पहिला अर्धा भाग देऊन दुसरा निवडायला सांगितला की हमखास अडखळतात. त्यांनी वर्षानुवर्षं विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी म्हणी मुद्दाम देवनागरीत लिहिल्या आहेत, कारण यातल्या निम्म्या चुका डोळ्यांमुळे होतात आणि मोठ्याने वाचलं की सुटतात.

हा प्रश्न नेमका असतो कसा?

‘अ बर्ड इन द हँड इज वर्थ टू...’ एवढं देतात आणि खाली चार पर्याय असतात : इन द बुश, इन द ब्रश, इन द स्काय, इन द नेस्ट. हातातला एक पक्षी झुडपातल्या दोन पक्ष्यांच्या तोलाचा, असा म्हणीचा अर्थ आहे आणि उत्तर ‘बुश’ आहे. चारही पर्याय वाक्यात बसतात. ‘ब्रश’ घाईत ‘बुश’सारखा दिसतो, ‘स्काय’ आणि ‘नेस्ट’ अर्थाने चालून जातील असे वाटतात. चुकीचा पर्याय कसा बनवला आहे हे ओळखता आलं की अर्धं काम झालं. पेपर काढणाऱ्याच्या हाती तीनचारच युक्त्या असतात : दिसायला सारखा शब्द घालायचा, जवळच्या अर्थाचा शब्द घालायचा, क्रियापदाला ‘एस’ जोडायचा किंवा काढायचा, नाहीतर दुसऱ्याच म्हणीचं शेपूट आणून चिकटवायचं.

म्हणीचा अर्थ मला नीट माहीत असतो, तरी चुकतं. असं का?

अर्थ माहीत असतो म्हणूनच चुकतं. आपण मनात लगेच मराठी म्हण आणतो आणि मराठी म्हणीतलं चित्र इंग्रजी पर्यायांत शोधायला लागतो. वरचीच म्हण घ्या. ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी’ हे डोक्यात आलं की निसटून जाणारा पक्षी डोळ्यांसमोर येतो आणि बोट ‘स्काय’वर जातं. ‘एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट...’ म्हटलं की ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ आठवतं. मग ‘नॉइझ’ समोर असूनही काही जण ‘वॉटर’कडे वळतात. इंग्रजीत मात्र पाणी नाही, रिकामी भांडी आहेत आणि त्यांचा आवाज आहे. दोन्ही म्हणींचा सल्ला एकच असला तरी चित्र वेगळं आहे, आणि हा प्रश्न सल्ल्याबद्दल नसून नेमक्या शब्दांबद्दल असतो.

स्वतःच्या मराठीवर हे ताडून पाहा. कुणी ‘असतील शितं’ एवढंच म्हटलं तर ‘तर जमतील भुतं’ आपल्या तोंडून आपोआप येतं. तिथे आपण अर्थ लावत बसत नाही, जिभेला वाट ठाऊक असते. ‘भुतं’च्या जागी कुणी ‘माणसं’ घातलं तर अर्थ जवळपास तोच राहील, पण आपण लगेच म्हणू की हे असं नाही. इंग्रजी म्हण लहानपणी कानावर पडलेली नाही, म्हणून तिथे ही जाग येत नाही. ती आणायची तर कान, व्याकरण आणि अर्थ हे तिघं हाताशी घ्यावे लागतात, आणि तेही याच क्रमाने.

मग पर्याय निवडायचा कसा? एक उदाहरण करून दाखवाल का?

‘अ स्टिच इन टाइम...’ ही म्हण घेऊ. पर्याय असे : १) सेव्ह्ज नाइन २) सेव्ह नाइन ३) सेव्ह्ज डाइम ४) सेव्ह्ज नाइन्टी.

आधी चारही पर्याय पहिल्या भागासकट ओठ हलवून वाचा. ‘नाइन्टी’ची लय लगेच मोडते, कारण म्हणीचे दोन तुकडे आखूड आणि ठसठशीत आहेत आणि शेवटी एक उच्चार जादा येतो. आता व्याकरण लावा. ‘अ स्टिच’ म्हणजे एक टाका, एकवचन, म्हणून क्रियापद ‘सेव्ह्ज’च हवं. दुसरा पर्याय गेला. उरले ‘नाइन’ आणि ‘डाइम’. इथे कान फसवतो, कारण ‘टाइम’शी ‘डाइम’ चोख जुळतं आणि ‘नाइन’ जेमतेम जुळतं. म्हणून शेवटी अर्थाकडे जायचं. वेळेवर घातलेला एक टाका पुढचे काय वाचवतो? टाकेच वाचवतो. ‘नाइन’ म्हणजे नऊ टाके. डाइम हे अमेरिकेतलं दहा सेंटांचं नाणं आहे, त्याचा टाक्याशी हिशेब लागत नाही. उत्तर पहिला पर्याय.

या म्हणीतला ‘नऊ’ कुठल्या मोजमापातून आलेला नाही. आठ किंवा दहा टाके म्हटलं तरी सल्ला तोच राहिला असता. ‘टाइम’जवळ कानाला लागेल असा आकडा हवा होता, तो ‘नाइन’ मिळाला. थॉमस फुलर या इंग्रज संग्राहकाने 1732 साली छापलेल्या म्हणींच्या संग्रहात ती ‘अ स्टिच इन टाइम मे सेव्ह नाइन’ अशी आहे. ‘मे’ असल्यामुळे तिथे ‘सेव्ह’ बरोबर होतं. पुढे ‘मे’ गळालं आणि ‘एस’ आला. वेळेवरचा टाका कदाचित नऊ वाचवेल, असं जरा सावधपणे म्हणणारी म्हण वापरात ठाम झाली.

वर्गात ही म्हण समजावताना मला फार खटपट करावी लागली नाही. वडील यंत्रमागावर आहेत असा एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, आमच्याकडं रोजचंच हाय की हे.” ताण्याचा एक धागा तुटला की माग थांबवून लगेच गाठ मारावी लागते. थांबवलं नाही तर तो सुटा धागा शेजारच्या धाग्यांत अडकतो, ते तुटतात, आणि चादरीत लांबलचक खोट उतरते. मग ती खोट काढत बसायचं नाहीतर माल बाजूला टाकायचा. त्या दिवसानंतर त्या बॅचमध्ये ‘नाइन’ कुणाचंच चुकलं नाही.

यमक जुळलं की उत्तर बरोबर, असं धरावं का?

नाही, ‘डाइम’ने ते दाखवलंच. पण जुळणीकडे दुर्लक्षही करू नका, कारण म्हण टिकते ती बहुतेक वेळा आवाजाच्या जोरावर. फक्त ती जुळणी शेवटीच असते असं समजू नका. ‘व्हेअर देअर इज अ विल, देअर इज अ वे’ यात यमक नाही, पण ‘विल’ आणि ‘वे’ दोन्ही एकाच आवाजाने सुरू होतात. ‘लुक बिफोर यू लीप’ यात ‘लुक’ आणि ‘लीप’ तसेच आहेत. उडी मारण्याआधी बघ, असा अर्थ. पर्यायांत ‘स्लीप’, ‘लीव्ह’, ‘जंप’ असतील तर ‘जंप’ अर्थाने अगदी बरोबर आहे, तरी ते उत्तर नाही. ‘ल’ची जोडी तुटते. ‘लीव्ह’मध्ये ती जोडी राहते, तिथे मात्र अर्थ सुटतो.

‘एस’ लावायचा की नाही, इथेच माझे मार्क जातात.

म्हणीतला कर्ता शोधा, तो बहुतेक वेळा पहिल्याच भागात दिलेला असतो. ‘टू मेनी कुक्स’ म्हणजे अनेक आचारी, म्हणून ‘स्पॉइल द ब्रॉथ’. ‘अ रोलिंग स्टोन’ एकच दगड, म्हणून ‘गॅदर्स नो मॉस’. गडगडत्या दगडावर शेवाळ धरत नाही. इथे ‘मॉस’ऐवजी ‘मास’ किंवा ‘मेस’ असा शब्दही ठेवतात, तेव्हा शेवटचा शब्द अक्षर अक्षर वाचा. ‘मेक हे व्हाइल द सन...’ यात सूर्य एक, म्हणून ‘शाइन्स’.

एक म्हण मात्र या नियमात बसत नाही आणि नेमकी तीच विचारतात. ‘अर्ली टू बेड अँड अर्ली टू राइज’ यात दोन गोष्टी आहेत, मग पुढे ‘मेक’ हवं ना? म्हणीत ‘मेक्स’ आहे : ‘मेक्स अ मॅन हेल्दी, वेल्दी अँड वाइज’. लवकर निजणं आणि लवकर उठणं ही एकच सवय धरली आहे. ‘हेल्दी’ आणि ‘वेल्दी’ यांची अदलाबदल करूनही पर्याय देतात. क्रम हेल्दी, वेल्दी, वाइज असाच आहे, आणि ‘वाइज’ शेवटी आहे कारण त्याला ‘राइज’शी जुळायचं आहे.

‘अ फ्रेंड इन नीड इज अ फ्रेंड...’ पुढे ‘इनडीड’ जोडून लिहायचं की ‘इन डीड’ तोडून?

या एका प्रश्नावर मी पाऊण तास घालवलेला आहे, आणि तो घालवण्यासारखाच आहे. तोंडाने म्हटलं तर दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून इथे कान कामाचा नाही. जोडून लिहिलं तर अर्थ ‘खरोखर’ : गरजेच्या वेळी जो मित्र राहतो तोच खरा मित्र. तोडून लिहिलं तर ‘कृतीने’ : तो मित्र कृतीतून दिसतो. दोन्ही अर्थ लागतात, आणि ‘इन डीड’ कसं अधिक शोभतं यावर माणसं हिरिरीने बोलतात. पण आजच्या शब्दकोशांत आणि छापील इंग्रजीत ही म्हण ‘इनडीड’ अशीच आहे, एकच शब्द. परीक्षेत तेच उत्तर. ‘इन नीड’ दोन शब्द आहेत म्हणून त्याच्या जोडीला ‘इन डीड’ही दोन असतील, ही समजूत मुलांना चुकवते.

दोन पर्याय खरोखरच बरोबर असतील तर?

असं होतं, कारण काही म्हणींची दोन रूपं सर्रास चालतात. ‘डोन्ट काउंट युअर चिकन्स बिफोर दे हॅच’ आणि ‘बिफोर दे आर हॅच्ड’ दोन्ही शब्दकोशांत सापडतील. ‘हाफ अ लोफ इज बेटर दॅन नन’ आणि ‘दॅन नो ब्रेड’ दोन्ही म्हणतात. त्यातलं ‘नो ब्रेड’ जुनं आहे, जॉन हेवूडच्या 1546 च्या म्हणींच्या पुस्तकातही ते आहे. सांडलेल्या दुधावर रडून उपयोग नाही, या म्हणीत ‘स्पिल्ट’ ब्रिटिश वळणाचं आणि ‘स्पिल्ड’ अमेरिकन. ज्याला काम येत नाही तो हत्यारांना बोल लावतो, आपलं ‘नाचता येईना अंगण वाकडं’, यातही ‘ब्लेम्स हिज टूल्स’ आणि ‘क्वॉरल्स विथ हिज टूल्स’ दोन्ही चालतात.

मी स्वतः एकदा सराव परीक्षेत ‘हॅच’ आणि ‘आर हॅच्ड’ हे दोन्ही पर्याय एकाच प्रश्नात घातले आणि उत्तर ‘हॅच’ दिलं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, जिची आई घरी विड्या वळते, दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या जाड शब्दकोशातलं वाक्य वहीत उतरवून घेऊन आली. तिचं बरोबर होतं. मी सगळ्यांना तो गुण दिला, आणि तेव्हापासून प्रश्न काढताना प्रत्येक चुकीचा पर्याय शब्दकोशात तपासल्याशिवाय घालत नाही.

खऱ्या परीक्षेत असं दिसलं तर आधी बघा की दोन पर्यायांपैकी एकात दुसरी काही बारीक चूक तर नाही ना. ‘बिफोर दे हॅच्ड’ असं ‘आर’ गाळलेलं रूप बऱ्याचदा तिथे लपलेलं असतं. खरोखर दोन्ही बरोबर असतील तर ब्रिटिश आणि जास्त रुळलेलं रूप निवडा. तात्पुरती उत्तरतालिका आल्यावर आक्षेपाची मुदत असते, तेव्हा शब्दकोशाचं पान जोडून आक्षेप घ्या. ‘माझ्या नोट्समध्ये असं आहे’ हे पुरावा म्हणून टिकत नाही.

‘ऑल दॅट ग्लिटर्स’ की ‘ग्लिस्टर्स’?

शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये ‘ग्लिस्टर्स’ आहे. रोजच्या वापरात ‘ग्लिटर्स’ रुळलं. शेवट दोन्हीकडे ‘इज नॉट गोल्ड’ असाच आहे. ‘इज गोल्ड’ किंवा ‘आर नॉट गोल्ड’ हे पर्याय दिसले तर सोडून द्या.

‘व्हेअर देअर इज’ने सुरू होणाऱ्या म्हणी माझ्या एकमेकींत मिसळतात.

त्या मिसळाव्यात म्हणूनच पर्यायांत एकत्र ठेवलेल्या असतात. ‘विल’ असेल तर ‘वे’, ‘स्मोक’ असेल तर ‘फायर’, ‘लाइफ’ असेल तर ‘होप’. इच्छा तिथे मार्ग, धूर तिथे आग, जीव आहे तोवर आशा. प्रश्नात ‘व्हेअर देअर इज लाइफ’ देऊन खाली वे, फायर, होप, हेल्प ठेवले तर तिन्ही शेपटं ओळखीची वाटतात आणि मुलं ‘वे’ लावून मोकळी होतात, कारण ती म्हण सगळ्यात जास्त वाचलेली असते. अशा जोड्या वेगवेगळ्या पानांवर लिहू नका. एकाखाली एक लिहा, म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. ‘ॲब्सेन्स मेक्स द हार्ट ग्रो फाँडर’ आणि ‘आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड’ यांचे अर्थ एकमेकांच्या उलट आहेत. एक म्हणते दुराव्याने माया वाढते, दुसरी म्हणते नजरेआड झालं की मनाआड. त्या दोघी शेजारी लिहिल्या की ‘फाँडर’च्या जागी ‘फाउंडर’ लावण्याची चूकही राहत नाही.

व्हॉट्सॲपवर ‘म्हणीचा खरा, विसरलेला दुसरा भाग’ असं फिरतं. ते लिहायचं का?

लिहू नका. ‘जॅक ऑफ ऑल ट्रेड्स, मास्टर ऑफ नन’ याच्या पुढे ‘पण एकाच कामात तरबेज असण्यापेक्षा ते बरं’ अशी ओळ मूळ म्हणून फिरते. ती नंतर जोडलेली आहे. ‘क्युरिऑसिटी किल्ड द कॅट’च्या पुढची ‘समाधानाने ते परत आलं’ ही ओळही तशीच मागाहून आलेली, आणि या म्हणीचं जुनं रूप तर ‘केअर किल्ड द कॅट’, म्हणजे काळजीने मांजर मेलं, असं होतं. ‘ब्लड इज थिकर दॅन वॉटर’चा मूळ अर्थ उलटा होता, असं सांगणाऱ्या पोस्टला जुन्या लिखाणाचा आधार नाही. परीक्षेत रुळलेलं रूप विचारतात, तेवढंच लिहा.

तिन्ही कसोट्या लावूनही उत्तर मिळत नाही, असं होतं का?

होतं, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ‘बर्ड्स ऑफ अ फेदर...’ हे आहे. पर्याय असे समजा : फ्लॉक टुगेदर, फ्लॉक्स टुगेदर, फ्लॉक टू गॅदर, फ्लाय टुगेदर. ‘बर्ड्स’ अनेकवचन, म्हणून ‘फ्लॉक्स’ गेलं. ‘टू गॅदर’ म्हणजे जमण्यासाठी. डोळ्यांना ते ‘टुगेदर’ वाटतं, पण मोठ्याने वाचलं की ‘फेदर’शी जुळत नाही, ते गेलं. उरलं ‘फ्लाय टुगेदर’. व्याकरण बरोबर, यमक बरोबर, एका जातीचे पक्षी एकत्र उडतात हा अर्थही बरोबर. इथे कसोट्या संपतात आणि म्हण ठाऊक असावी लागते. उत्तर ‘फ्लॉक’, म्हणजे थवा करून राहणं. विल्यम टर्नरच्या 1545 च्या लिखाणात या म्हणीचं जे जुनं रूप आहे त्यात थवा करणं आणि उडणं ही दोन्ही क्रियापदं होती, त्यातलं ‘फ्लॉक’ तेवढं टिकलं. मागे उरलेल्या ‘फ्लाय’ला म्हणूनच चुकीचा म्हणायला मन घेत नाही.

अशा म्हणी थोड्या आहेत. त्यांची वेगळी यादी करा, कारण तुमची खरी पाठांतराची वेळ तिथेच लागायला हवी. ‘नेसेसिटी इज द मदर ऑफ...’ पुढचं ‘इन्व्हेन्शन’ हे त्यातलंच. ‘इनोव्हेशन’ आणि ‘डिस्कव्हरी’ अर्थाने इतके जवळ आहेत की तर्काने ते कटत नाहीत.

पाठ कसं करायचं? यादी वाचून राहत नाही.

यादी वाचताना दोन्ही भाग एकदम दिसतात, म्हणून सगळं येतंय असं वाटतं. जुन्या पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या, एका बाजूला पहिला भाग आणि मागे दुसरा लिहा. दुसरा भाग आधी तोंडाने म्हणायचा, मगच कार्ड उलटायचं. चुकलं तर बरोबर उत्तराखाली स्वतःचं चुकीचं उत्तर पेन्सिलने लिहून ठेवा. आठवड्याने त्या पेन्सिलच्या शब्दांवरून कळतं की तुम्ही अर्थाने फसता, ‘एस’ने फसता की दिसण्याने. दिवसाला पाच म्हणी पुष्कळ झाल्या.

वर सांगितलेल्या मुलीने कार्डांऐवजी दुसराच उपाय काढला. आई विड्या वळत बसते तेव्हा ही समोर बसून पहिला भाग वाचते. आईला इंग्रजी येत नाही, पण ऐकून ऐकून तीच आता दुसरा भाग आधी म्हणते. परवा मुलगी चुकून ‘बर्ड्स ऑफ अ फेदर फ्लाय टुगेदर’ म्हणाली, तर विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता मान वर न करता आई म्हणाली, “फ्लाय नव्हं गं, फ्लॉक.”